मोटर तीनदा जळली, आणि प्रश्न ॲपचा?

*"आमची सात मजली, 28 सदनिकांची सोसायटी. पाच एचपीची थ्री-फेज मोटर गच्चीवरची 18,000 लिटरची टाकी तासाभरात भरते. रोज साधारण एक टाकी लागते. पाणी वाहून जातं म्हणून 'स्मार्ट' यंत्रणेचं कोटेशन घेतलं: 95,000 रुपये, शिवाय वर्षाला 12,000 देखभाल करार. त्यात मोबाईल ॲप, वायफाय आणि गच्चीच्या टाकीत सेन्सर. सामायिक मीटरचं बिल महिना 9,000 येतं, त्यात 30 टक्के बचत होऊन तीन वर्षांत पैसे वसूल, असं विक्रेता सांगतो. सिंकिंग फंडाची एफडी मोडावी की सभासदांकडून वर्गणी काढावी? चालू खात्यात फारसं उरलेलं नाही, कारण दीड वर्षात मोटर तीनदा जळली. दर वेळी रिवाइंडिंग आणि सीलचे 9,000 आणि दोन दिवसांच्या टँकरचे 6,000 गेले. स्टार्टरला ओव्हरलोड आहे म्हणून बरं, नाहीतर आणखी फटका बसला असता." — खजिनदार*

खजिनदारसाहेब, एफडी मोडू नका आणि वर्गणीही काढू नका. कोटेशन आहे तसं परत पाठवा. का ते सांगतो, पण आधी बचतीच्या त्या आकड्याचा निकाल लावू.

पाच एचपीची मोटर तासाला साधारण चार युनिट खाते. रोज एक तास म्हणजे महिन्याला 120 युनिट. युनिटला 12 रुपये धरले तरी 1,440 रुपये झाले. तुमचं बाकीचं साडेसात हजारांचं बिल लिफ्ट, जिन्यातले दिवे आणि पार्किंगचं आहे. विक्रेत्याने 30 टक्के काढले ते या सगळ्या बिलावर. त्याचा सेन्सर लिफ्ट कशी कमी चालवणार? पंप उद्यापासून कायमचा बंद ठेवला तरी 2,700 रुपये वाचणार नाहीत. रोज पंधरा मिनिटं पाणी वाहून जातं असं सढळ हाताने धरलं, तर एक युनिट, म्हणजे महिन्याला 360 आणि वर्षाला चारेक हजार रुपये. देखभाल करारच 12,000 चा आहे. हे पैसे तीन वर्षांत काय, तीस वर्षांतही वसूल होत नाहीत.

आता तुम्ही जाता जाता लिहिलेल्या वाक्याकडे येतो. तीन वेळा 15,000 म्हणजे दीड वर्षात 45,000, वर्षाला 30,000. सोसायटीचा पैसा इथून गळतोय. आणि कोटेशनमध्ये जमिनीखालच्या टाकीसाठी काहीही नाही! वरची टाकी रिकामी झाली की ही यंत्रणा पंप चालू करील आणि खाली पाणी आहे की नाही हे न पाहता तो चालू ठेवील. आज निदान वॉचमनला आवाज बदललेला कळतो. उद्या रात्री तीन वाजता मोटर कोरडी फिरत असेल आणि ॲप म्हणेल, पंप चालू आहे.

"ओव्हरलोड आहे म्हणून बरं" या समजुतीने तुमचा बराच पैसा घालवला असावा. ओव्हरलोड रिले करंट *वाढला* की तोडतो. पंप कोरडा पडला की उचलायला पाणीच नसतं, त्यामुळे करंट *कमी* होतो. रिलेच्या दृष्टीने सगळं आलबेल असतं. तेवढ्यात पंपाचं सील, जे पाण्यानेच थंड राहतं, तापून चिरतं. पुढे पाणी आलं की ते चिरलेल्या सीलमधून शाफ्टवरून बेअरिंगकडे आणि तिथून वाइंडिंगमध्ये झिरपतं. मोटर जळते आठ-पंधरा दिवसांनी, आणि दोष जातो व्होल्टेजला. दर वेळी रिवाइंडिंगसोबत सीलही बदलावं लागलं, हे त्याचंच लक्षण दिसतं.

दिसतं म्हणालो, कारण पत्रावरून खात्री देता येत नाही. रिवाइंडिंगवाल्याला विचारा की उघडल्यावर वेटोळी कशी दिसत होती. बेअरिंगपाशी गंज आणि ओल असेल तर कारण सीलच. एक-दोन फेजची वेटोळी काळी आणि बाकीची चांगली असतील, तर एक फेज गेलेला असताना मोटर चालली. मग पाण्याच्या पातळीनुसार पंप चालू-बंद करणारे फ्लोट कितीही लावा, उपयोग नाही. तिथे फेज तुटल्यावर मोटर बंद करणारा रिले लागतो. हा फोन फुकट आहे. तो केल्याशिवाय एक रुपयाही खर्चू नका.

कारण कोरडं चालणंच निघालं, तर करायचं काम साधं आहे. केबलचे दोन फ्लोट स्विच घ्यायचे, एक वर आणि एक खाली. वरचा फ्लोट खाली लोंबत असताना, म्हणजे टाकी रिकामी असताना, संपर्क जोडतो. खालचा उलट: पाण्यावर तरंगून वर आला की जोडतो. दोन्ही एकामागे एक जोडलेले असतात, म्हणून वर पाणी हवंय *आणि* खाली पाणी आहे, असं असेल तरच पंप चालतो. फ्लोटमध्ये सहसा तीन वायर असतात: एक सामायिक, एक भरण्यासाठी, एक उपसण्यासाठी. रंगांवर भरवसा ठेवायचा नाही, मल्टिमीटरने तपासून घ्यायचं. याच जोडणीचा मोठा फायदा असा की कुठलीही वायर तुटली तर पंप बंद पडतो. पाणी आलं नाही म्हणून लोक ओरडतील, पण मोटर वाचेल.

फ्लोट मोटरच्या वायरमध्ये मात्र कधीच घालायचा नाही. पाच एचपीला सात-साडेसात अँपिअर लागतात आणि चालू होताना त्याच्या सहापट. फ्लोटमधला छोटा संपर्क त्यात चिकटून बसतो. मग फ्लोट वर जातो, पंप काही थांबत नाही. फ्लोटने फक्त स्टार्टरमध्ये मोटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या काँटॅक्टरच्या कॉइलला हुकूम द्यायचा. थ्री-फेज स्टार्टरची कॉइल बहुधा 415 व्होल्टची असते, आणि थेट तिलाच फ्लोट जोडला तर तेवढे व्होल्ट पिण्याच्या पाण्याच्या टाकीत उतरतात. म्हणून मध्ये 24 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणि रिले हवा. इलेक्ट्रिशियन "चालतं हो" म्हणाला तरी ऐकू नका.

फ्लोट कुठे बांधायचा यावर मोटरचं आयुष्य ठरतं. केबलवरच्या वजनापासून फ्लोट फूटभर मोकळा सोडला, तर चालू आणि बंद होण्याच्या पातळ्यांत साधारण सव्वा ते दीड फुटाचा फरक पडतो. तुमच्या टाकीत ते अंदाजे पाच हजार लिटर होतील, म्हणजे पंप पंधरा-वीस मिनिटांच्या टप्प्याने दिवसात तीन-चार वेळा चालेल. दोन इंच सोडला तर दर वेळी दोन-तीन मिनिटंच चालून थांबेल, दिवसात वीसेक वेळा चालू होईल, आणि चालू होतानाचे ते सहापट झटके काँटॅक्टर आणि वाइंडिंग दोन्ही खाऊन टाकतील. खालच्या टाकीत पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी फूट व्हॉल्व्ह असतो; पाणी त्याच्या वर निदान फूटभर असतानाच पंप थांबायला हवा, नाहीतर भोवरा होऊन हवा ओढली जाते. दोन्ही फ्लोट पाणी पडणाऱ्या पाइपापासून आणि शिडीपासून दूर बांधा, कारण केबल गुंतली की सगळी हुशारी संपली. केबलचा जोडही पाण्यात नको.

खालचा फ्लोट एक गोष्ट पकडू शकत नाही. टाकी भरलेली असते, पण फूट व्हॉल्व्ह गळका असल्याने पाइपातलं पाणी उतरतं आणि पंप हवाच घुसळत राहतो. त्यासाठी कमी करंटला तोडणारा ड्राय-रन रिले लागतो. तो अंदाजाने लावायचा नसतो. पंप नीट पाणी देत असताना क्लॅम्प मीटरने करंट मोजा; समजा 7 अँपिअर आला. मग वर जाणाऱ्या पाइपाचा व्हॉल्व्ह काही सेकंद बंद करून पुन्हा मोजा, समजा 4.5 आला. रिले मधल्या 5.5 वर लावा आणि पाच-दहा सेकंदांचा विलंब ठेवा. 6.8 वर लावलात तर व्होल्टेज जरा हललं तरी पंप थांबेल, आणि चौथ्या दिवशी कुणीतरी रिलेच काढून टाकेल.

काढून टाकण्यावरून आठवलं, ऑटो-मॅन्युअल स्विचकडे नीट बघा. बऱ्याच पॅनलमध्ये मॅन्युअल केलं की दोन्ही फ्लोट बाजूला पडतात. वॉचमन सकाळी घाईत मॅन्युअल करतो आणि संरक्षण त्या क्षणी संपतं. मॅन्युअलने फक्त वरचा फ्लोट टाळता यायला हवा. खालचा फ्लोट, ड्राय-रन रिले आणि ओव्हरलोड हे दोन्हीकडे कॉइलच्या वाटेत राहिलेच पाहिजेत. कोटेशनमध्ये हे वाक्य लिहून घ्या.

दोन फ्लोट, रिले, ट्रान्सफॉर्मर, सात मजल्यांची केबल, पॅनल आणि मजुरी मिळून मी 20,000 धरतो. तुमच्याकडची दोन कोटेशनं घेऊन खात्री करा. जळण्याचे प्रकार निम्मेच थांबले तरी वर्षाला 15,000 वाचतात, म्हणजे सोळा महिन्यांत पैसे वसूल. शून्यावर येतील अशी आशा धरू नका, कारण तीनदा रिवाइंड झालेली मोटर आहे ती.

हा खर्च दुरुस्ती व देखभाल निधीतून करायचा. आदर्श उपविधींप्रमाणे त्यासाठी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.75 टक्के जमा व्हायला हवेत. तुमचं चालू खातं कोरडं पडलंय, तर ही वसुली होते का ते तपासा. सिंकिंग फंड पुनर्बांधणी आणि वास्तुविशारदाने प्रमाणित केलेल्या मोठ्या दुरुस्त्यांसाठी असतो, तोही सर्वसाधारण सभेच्या ठरावाने. ॲप त्यात बसत नाही.

शेवटचे पाच हजार हातात ठेवून चाचणी घ्या. पंप चालू असताना वरचा फ्लोट हाताने उचला, पंप थांबला पाहिजे. खालचा फ्लोट पाण्याबाहेर काढून लोंबता सोडा, आधी ऑटोवर, मग मॅन्युअलवर. दोन्ही वेळा थांबला पाहिजे. वीज बंद करून प्रत्येक फ्लोटची एक वायर पाळीपाळीने सोडवा आणि पुन्हा वीज द्या. ऑटोवर पंप चालू होता कामा नये. व्हॉल्व्ह बंद केल्यावर ठरलेल्या सेकंदांत रिलेने तोडलं पाहिजे. यातलं एक जरी चुकलं, तर ते पाच हजार महिनाभर देऊ नका.