पंधराशेवर अडकलेल्या एका बुद्धिबळपटूला पत्र

तुझा मेसेज परवा रात्रीच वाचला होता, पण तू पाठवलेले ३० गेम नीट बघून झाल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं म्हणून उशीर झाला. तू विचारलंयस, "दादा, सव्वा वर्ष झालं रेटिंग १५०० च्या आसपासच फिरतंय, आता कुठलं नवीन ओपनिंग शिकू?" तर आधी सरळच सांगतो, सध्या कुठलंच शिकू नकोस. तू हरलेल्या ३० गेमपैकी ओपनिंगमुळे हरलेले मला फक्त ३ सापडले, म्हणजे पहिल्या बारा चालींतच डाव खरोखर बिघडला असे. बाकी २७ मध्ये पंधराव्या चालीला तू बरोबरीत होतास किंवा वरचढ होतास. आणि तू गेले चार महिने रोज तासभर ओपनिंगचे व्हिडिओ बघतोयस.

मी काय केलं ते सांगतो, कारण पुढच्या वेळी हे तुलाच करायचंय. प्रत्येक गेम इंजिन बंद ठेवून बघितला आणि डाव जिथे फिरला असं वाटलं तिथे थांबून एका ओळीत कारण लिहिलं. इंजिन त्यानंतर लावलं, फक्त खात्री करायला. हा क्रम महत्त्वाचा आहे. इंजिन आधी लावलंस की ते लाल खुणा करून "ही चाल चुकली, ती खेळायला हवी होती" एवढं दाखवतं, आपण मान डोलावतो आणि पुढे जातो. चूक कुठे झाली ते त्याला कळतं, ती चाल खेळताना तुझ्या डोक्यात काय चाललं होतं ते त्याला कसं कळणार, ते तुलाच आठवून लिहावं लागतं. आणि कारण लिहिताना "ब्लंडर केला" असं लिहू नकोस, ते कारण नाहीये, तो परिणाम आहे. "त्याच्या घोड्याची चाल बघितलीच नाही, मी माझ्या हल्ल्याचा विचार करत होतो" हे कारण.

तर ३० ओळींची मोजदाद अशी निघाली. १६ गेममध्ये समोरच्याच्या शेवटच्या चालीतला धोका तुला दिसलाच नाही. ६ गेम हत्तीच्या एंडगेममध्ये गेले, जे बरोबरीत सुटायला हवे होते. ओपनिंगचे ३ आणि उरलेले ५ किरकोळ, त्यात काही समान धागा दिसत नाही, ते सोडून दे.

आता त्या १६ बद्दल. तू म्हणशील माझं पझल रेटिंग तर २००० च्या वर आहे, टॅक्टिक्स कच्चं कसं असेल. कच्चं नाहीचे. पण पझल उघडतोस तेव्हा इथे काहीतरी आहे हे तुला आधीच माहीत असतं आणि ते जवळजवळ नेहमी तुझ्याच बाजूचं असतं. खऱ्या डावात कोणी सांगत नाही की थांब, आत्ता बघ. म्हणजे तुझं कॅल्क्युलेशन ठीक आहे, कधी बघायचं हे कळत नाहीये आणि समोरच्याच्या बाजूने बघायची सवयच नाहीये. कॅल्क्युलेशन आणि ही सवय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरीवर उपाय म्हणून तू पहिलीचा सराव वाढवत बसलास, म्हणून वर्षभरात हजारो पझल्स सोडवूनही काही हललं नाही.

एक गेम घेऊ, अकरावा. तू पांढरा, राजा अजून e1 वर, हत्ती a1 वर, वजीर हल्ल्यासाठी f3 वर नेलेला. त्याने c6 वरचा घोडा b4 वर आणला. वजीर d1 वरून निघाल्यामुळे c2 ची राखण करणारं कोणी उरलेलं नव्हतं, त्यामुळे पुढच्या चालीला घोडा c2 वर येऊन राजाला शह आणि a1 च्या हत्तीवर मारा, दोन्ही एकदम. तू g4 खेळलास. हत्ती गेला, डाव गेला. हेच पझल म्हणून काळ्याच्या बाजूने तुला दिलं असतं तर पाच सेकंदांत सोडवलं असतंस, मला खात्री आहे.

मग मी घड्याळ बघितलं, प्रत्येक चालीला किती वेळ घेतलास ते तिथे दिसतंच. g4 ला तू ३ सेकंद घेतलेस आणि तुझ्याकडे ८ मिनिटं शिल्लक होती. म्हणून सगळ्या १६ गेमचं बघितलं तर ११ मध्ये ती घातक चाल ५ सेकंदांच्या आत खेळलेली आणि घड्याळात ५ मिनिटांपेक्षा जास्त वेळ! हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, कारण वेळ कमी पडून चुका होत असत्या तर उपाय वेगळा होता. त्यासाठी माजी जगज्जेते बोटविनिक सांगायचे की सरावाचे असे डाव खेळा ज्यात निकालाकडे बघायचंच नाही, फक्त घड्याळाकडे लक्ष द्यायचं. तुला ते औषध दिलं तर उलट बिघडेल, तू आणखी भराभर खेळशील.

तर तुझ्यासाठी सराव असा. रोज २० मिनिटं, तीन आठवडे. तुझे स्वतःचे गेम नकोत, ते तुला आठवतात. ऑनलाइन कुठलेही १५०० ते १८०० रेटिंगवाल्यांचे गेम घे, खरा पट मांड, आणि दहाव्या चालीपासून पुढे एका बाजूने खेळतोयस असं समजून दुसऱ्या बाजूची प्रत्येक चाल झाली की थांब. तीन प्रश्न, तोंडाने मोठ्याने बोलायचे. हा मोहरा आता नव्याने कशावर मारा करतोय? तो हलल्यामुळे कुठली रेघ उघडली? आणि तो आधी ज्याची राखण करत होता ते काय उघडं पडलं? तिसरा प्रश्न बहुतेक सगळे विसरतात आणि फुकटचे मोहरे तिथेच मिळतात. मग एक युक्ती कर, आपली चाल सोडून दिली असं समज आणि समोरच्याला लागोपाठ दुसरी चाल दे, तो काय खेळेल? जे उत्तर येईल तोच धोका. काहीच वाईट करता येत नसेल तर "धोका नाही" असं लिही, हे उत्तरही बऱ्याचदा बरोबर असतं आणि तेच पझलमध्ये कधी शिकायला मिळत नाही. उत्तर कागदावर लिहून झाल्यावरच पुढची चाल बघायची, दिवसाच्या शेवटी इंजिनशी ताडून बघायचं, किती धोके सुटले ते लिहून ठेवायचं. वीस मिनिटांत दहा-बाराच पोझिशन होतील, जास्त झाल्या तर समज की तू परत घाई करतोयस.

या तीन आठवड्यांत ब्लिट्झ बंद. ब्लिट्झ वाईट म्हणून नाही, पण तीन सेकंदांत खेळायची जी सवय आपल्याला मोडायचीये तिचाच तिथे रोज शंभरदा रियाज होतो. १५ मिनिटं अधिक १० सेकंदांचे गेम खेळ, आठवड्याला चार-पाच पुरे. सुरुवातीला रेटिंग बहुतेक खाली जाईल, कारण प्रत्येक चालीला थांबायला लागलास की शेवटी वेळ कमी पडेल. साधारण दुसऱ्या आठवड्यात तीन प्रश्न आपोआप भराभर व्हायला लागतात. तसं झालं नाही तर मला सांग, मग प्रश्न कमी करू.

आता ते ६ हत्तीचे गेम, हे त्यामानाने सोपं आहे. त्यातल्या चारमध्ये एकच पोझिशन आली, एक हत्ती आणि एक प्यादं विरुद्ध नुसता हत्ती. बचाव तुला अर्धवट माहीत आहे, फिलिडोरचा. पांढऱ्याचा राजा f5, प्यादं e5, हत्ती a7, तुझा राजा e8 आणि हत्ती b6. सहाव्या ओळीवर हत्ती ठेवून त्याच्या राजाला पुढे येऊ द्यायचं नाही, इथपर्यंत तू बरोबर करतोस. पण त्याने प्यादं e6 वर ढकललं की तू तसाच त्या ओळीवर राहतोस, एका गेममध्ये हत्ती c6 वर सरकवलास. आता त्याच्या राजाला f6 वर यायला वाट मिळाली, कारण तुझ्या हत्तीच्या आड त्याचंच प्यादं आलं. तू c8 वर येऊन मागची ओळ धरलीस, त्याने हत्ती h7 वर नेला आणि h8 वरच्या शहाला चांगलं उत्तर उरलं नाही, राजा d8 वर पळवलास तरी हत्ती जातोच. e6 झाल्या क्षणी हत्ती थेट खाली b1 वर जायला हवा होता. मग राजा f6 वर आला की f1 वरून शह, e5 वर आला की e1 वरून शह, त्याला लपायला जागाच नाही, कारण जी जागा होती तिथे आता प्यादं उभं आहे. तू नियम पाठ केलास पण हत्ती तिथे कशासाठी उभा आहे ते पाहिलं नाहीस, म्हणून तो कधी हलवायचा ते कळलं नाही.

हे वाचून होणार नाही. ही पोझिशन इंजिनसमोर मांडून काळ्याने दहा वेळा बरोबरीत सोडव, मग प्यादं d फाइलवर घेऊन, मग पांढऱ्याने बचाव करून. सलग दहा वेळा न चुकता झालं की थांब, आणि आठवड्याने न सांगता परत एकदा करून बघ, तेव्हा चुकलं तर ते आलेलं नाहीये.

सुधारणा होतेय का हे रेटिंगवरून ठरवू नकोस. तू उद्या समोरच्यापेक्षा १०० पॉइंटनी खरोखर चांगला झालास तरी त्या हिशोबाने तुला साधारण ६४ टक्केच गुण मिळायला हवेत, म्हणजे दहा गेममध्ये चार हरलास तरी त्यात काही विशेष नाही. त्यापेक्षा दर दहा गेममागे "त्याची चाल बघितली नाही" ही ओळ किती वेळा लिहावी लागली ते मोज. आत्ता हरलेल्या गेममध्ये निम्म्याहून जास्त वेळा आहे. जिंकलेले गेमही मोजायला घे, तिथेही तू असाच चुकतोस, फक्त समोरच्यालाही ते दिसत नाही.

तीन आठवड्यांनी पुढचे २० गेम पाठव, पण या वेळी प्रत्येकाखाली तुझी एक ओळ आधी लिहिलेली असू दे, मी माझी वेगळी लिहीन आणि मग दोन्ही शेजारी ठेवून बघू. जिथे आपल्या दोघांच्या ओळी जुळणार नाहीत त्या गेमवर फोनवर बोलू.

दादा