एकूण तास २४ च्या पुढे गेले की एक्सेल कमी का दाखवतं?

प्रश्न: कामगारांचे रोजचे तास एक्सेलमध्ये ८:३०, ९:०० असे भरते. आठवड्याची बेरीज हाताने ५१:३० येते, पण सेलमध्ये ३:३० दिसतं. SUM चुकतंय का?

उत्तर: SUM बरोबर आहे. चुकतंय ते दाखवणं.

मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या काही टॉवेल-चादर कारखान्यांच्या हजेरीचा हिशोब बघतो, आणि सोमवार ते शनिवार असा आठवडा बेरजेला घेतला की हे हमखास दिसतं. एक्सेलच्या लेखी वेळ म्हणजे दिवसाचा भाग. २४ तास म्हणजे १, बारा तास म्हणजे ०.५. तुमचे ५१:३० तास आत २.१४५८ असे साठवलेले आहेत. सेलला `h:mm` फॉरमॅट असला की एक्सेल त्याकडे घड्याळ म्हणून बघतं, पूर्ण झालेले दोन दिवस, म्हणजे ४८ तास, बाजूला ठेवतं आणि उरलेले ३:३० दाखवतं. त्या सेलमध्ये फॉर्म्युलाऐवजी नुसती किंमत असती, तर क्लिक केल्यावर वरच्या फॉर्म्युला बारमध्ये २ जानेवारी १९०० ही तारीख आणि पहाटेचे साडेतीन दिसले असते.

बेरजेच्या सेलवर जाऊन Ctrl+1 दाबा, Number टॅबमध्ये Custom निवडा आणि Type च्या चौकटीत हे लिहा:

```
[h]:mm
```

चौकोनी कंसाचा अर्थ, तास २४ ला पोचले तरी पुन्हा शून्यावर जाऊ नका, मोजत राहा. लगेच ५१:३० दिसेल. गुगल शीट्समध्ये Format, मग Number, मग Duration घेतलं तरी चालतं, फक्त सेकंदही दिसतात.

इथे एक गंमत आहे आणि ती धोक्याची आहे. आठवड्याचे नेहमीचे तास ४८ धरले जातात आणि ४८ म्हणजे बरोबर दोन दिवस. त्यामुळे ते चुकीचं ३:३० नेमकं ओव्हरटाइमसारखं दिसतं, आणि कुणीतरी 'कॉम्प्युटरनेच जादा तास काढून दिले' म्हणून तसंच पगारपत्रकात टाकतं. ज्याचे तास ४६ भरले, त्याला हाच सेल २२:०० दाखवेल. त्याचे २२ तास ओव्हरटाइम द्याल का?

रोजच्या सेलनाही हाच फॉरमॅट द्या. रोज २४ च्या वर कोण जातंय, असं वाटेल. पण कारण वेगळं आहे. हजेरीच्या वहीत आपण साडेआठ तास ८.३० असे टिंब देऊन लिहितो आणि भरणारा तसंच टाइप करतो. एक्सेल ते ८.३ दिवस समजतं. साध्या `h:mm` मध्ये तो सेल ७:१२ दाखवतो, म्हणजे अगदी खरा वाटेल असा आकडा. `[h]:mm` मध्ये मात्र १९९:१२ दिसतं आणि चूक लगेच डोळ्यात भरते. अशा नोंदी थोड्या असतील तर पुन्हा टाइप करा. खूप असतील तर शेजारच्या कॉलममध्ये:

```
=INT(B2)/24+ROUND(MOD(B2,1)*100,0)/1440
```

टिंबाच्या आधीचे तास, नंतरची मिनिटं. या कॉलमलाही `[h]:mm` द्या. Find-Replace ने टिंबाचं कोलन करायला जाऊ नका, ८.३० हे आत ८.३ असतं, सेल General फॉरमॅटमध्ये असेल तर त्याचं ८:०३ होऊन बसतं.

उलट बेरीज `[h]:mm` देऊनही कमी येत असेल, तर एखादी वेळ मजकूर म्हणून बसलेली असते. SUM तिला गुपचूप वगळतं. सहा दिवसांसाठी `=COUNT(B2:B7)` चं उत्तर ६ यायला हवं. ५ आलं तर तो सेल शोधा. अलाइनमेंट बदललेली नसेल, तर तो डाव्या कडेला चिकटलेला दिसतो.

आता पगार. समजा ताशी ६० रुपये आहेत. B8 मध्ये बेरीज असेल तर `=B8*60` लिहून १२८.७५ येतील, कारण तुम्ही तासांना नाही, दिवसांना गुणलंत. आधी २४ ने गुणा:

```
=B8*24*60
```

३०९० रुपये. त्या सेलमध्ये आकड्याऐवजी वेळ दिसू लागली, तर त्याचा फॉरमॅट Number करा. स्लिपवर 'एकूण तास ५१:३०' असं वाक्यात छापायचं असेल, तर `="एकूण तास "&TEXT(B8,"[h]:mm")` वापरा, पण ते फक्त छापण्यापुरतं. गुणाकार नेहमी मूळ B8 वरूनच करा.