मुलगा समलिंगी आहे हे कळल्यावरचे आईचे दुःख

मुलाने तो समलिंगी असल्याचे सांगितले. आमच्या संस्कारांत काय चुकले? रडू आवरत नाही. त्याच्याशी कसे बोलू?

संस्कारांमुळे कोणी समलिंगी होत नाही, त्यामुळे चूक शोधू नका.

आम्ही अमळनेरचे. माझाही मुलगा समलिंगी आहे. त्याने सांगितल्यावर मी त्याच्यासमोरच रडत असे आणि तोच माझी समजूत घालत बसे; पुढे त्याचे फोन दोन मिनिटांवर आले, तेव्हा उमगले की माझे दुःख मी त्याच्या खांद्यावर दिले होते. मी शोक करत होते तो मुलासाठी नव्हे, तर त्याच्या हळदीसाठी, खापरावरच्या मांड्यांच्या पंगतीसाठी, नातवंडांसाठी. ती स्वप्ने माझी होती, त्याने कधी कबूल केलेली नव्हती. मग त्याला विचारून मी फक्त माझ्या बहिणीजवळ मन मोकळे करू लागले, कारण कोणाला सांगायचे हे त्यानेच ठरवायचे असते. त्याला म्हटले, "मला वेळ लागतोय, पण ही तुझी चूक नाही." भाऊबंदांची भीती अजून आहे, पण तिच्यासाठी त्याला लग्नाची गळ घालत नाही.

झोप उडालेलीच राहिली तर स्वतःसाठी समुपदेशक गाठा. मुलाला 'बदलून देतो' म्हणणाऱ्या डॉक्टरकडून मात्र उठून या. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये असे उपचार व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहेत.