घरपट्टीवर वारसाचं नाव लावायचा अर्ज अडला आहे

प्रश्न: वडील मार्चमध्ये गेले. ठाण्यातल्या फ्लॅटच्या घरपट्टीवर आईचं नाव लावण्यासाठी 2 जून 2025 ला कर विभागात अर्ज दिला. आधी म्हणाले साहेब रजेवर आहेत, मग फाइल वर गेली आहे, आता म्हणतात सोसायटीचं पत्र आणा आणि पुन्हा नवा अर्ज करा. ऑगस्ट अर्धा संपला. भांडायचं नाही, पण काम व्हायला हवं. काय करू?

उत्तर: ताई, तुमच्या प्रश्नातले चार शब्द वाचून थांबलो: "पुन्हा नवा अर्ज करा". तो करू नका. बाकीचं सगळं यानंतर.

कागदपत्रांची यादी इथे देत नाही. मृत्यूदाखला, वारसांची संमती, थकबाकी नसल्याची पावती हे तुम्ही दिलेलंच असणार. थकबाकी राहिली असेल तर मात्र आधी भरा, बिल वडिलांच्या नावाने असलं तरी चालतं. कराची बाकी असेपर्यंत नाव बदलाची फाइल पुढे जात नाही आणि ते कारण कोणी आपणहून सांगतही नाही.

नवा अर्ज का नको ते सांगतो. घरपट्टीवर वारसा हक्काने नाव लावणं ही लोकसेवा हक्क कायद्याखालच्या सेवांपैकी एक आहे. हा महाराष्ट्राचा 2015 चा कायदा. बहुतेक महापालिकांच्या यादीत या सेवेला 15 दिवस दिलेले असतात. तुमच्या प्रभाग समितीच्या फलकावर किंवा महापालिकेच्या संकेतस्थळावर सेवेचं नाव, मुदत, ती सेवा वेळेत देण्याची जबाबदारी असलेला पदनिर्देशित अधिकारी आणि दोन अपिलीय अधिकारी अशी ओळ दिसेल. त्या ओळीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मुदत मोजायची ती परिपूर्ण अर्ज दाखल झाल्याच्या तारखेपासून. तुम्ही ऑगस्टमध्ये नवा अर्ज दिलात की जूनचा अर्ज कागदोपत्री विस्मरणात जातो आणि नवीन 15 दिवस सुरू होतात. नव्या अर्जात पुन्हा काही कमी निघालं की आणखी 15. शेवटी तुमच्या हातात चार पोचपावत्या असतात आणि एकाही अर्जाला "उशीर झाला" असं म्हणता येत नाही.

ही चूक मी स्वतः तीनदा केली, एका कार्यालयात. त्याचं नाव घेत नाही. सात महिने गेले. समोरच्या लिपिकाला दोष देण्याआधी त्याच्या बाजूनेही पाहायला हवं, कारण नवा अर्ज आला की त्याच्या टेबलावरचा थकलेला अर्ज निकाली निघाल्यासारखा दिसतो. तो मुद्दाम करतोच असं नाही, पण परिणाम तोच. आणि हे आधी कोणी सांगितलं नाही याचा राग मला आजही येतो.

मग सोसायटीचं पत्र मागितलंय त्याचं काय करायचं? ते खरंच लागणार असेल तर द्या, पण पूर्तता म्हणून द्या. एका कागदावर विषय लिहा: "2 जून 2025 रोजीच्या आवक क्रमांक अमुकच्या अर्जाची पूर्तता". खाली तीन ओळी पुरतात: "दि. अमुक रोजी मला तोंडी सांगण्यात आल्यानुसार सोसायटीचे पत्र सोबत जोडले आहे. ही मूळ अर्जाचीच पूर्तता आहे, नवीन अर्ज नाही. आणखी काही त्रुटी असल्यास एकाच वेळी लेखी कळवावे, ही विनंती." दोन प्रती न्या, एकीवर आवकचा शिक्का आणि तारीख घ्या. या पत्रालाही त्याचा स्वतःचा आवक क्रमांक मिळेल, त्याने बिघडत नाही. विषयात जुना क्रमांक आहे ना, तेवढं पुरे.

"एकाच वेळी" हे शब्द गाळू नका. एक-एक त्रुटी काढत जाणं हेच बहुतेक फाइलींचं दुखणं असतं. कायद्यानुसार अधिकाऱ्याने एकतर सेवा द्यायची किंवा कारण लिहून अर्ज फेटाळायचा, आणि फेटाळताना अपील कोणाकडे व किती दिवसांत करायचं हेही कळवायचं. "आणा, बघू" असा तिसरा पर्याय त्यात नाही. लेखी मागितलं की पुष्कळदा मागणीच गळून पडते, कारण यादीत नसलेला कागद लेखी मागायला कोणी धजावत नाही. म्हणून सोसायटीचं पत्र अर्जाच्या छापील यादीत आहे का ते आधी पाहा. नसेल तर "यादीत दिसत नाही, आवश्यक असल्यास लेखी द्यावे" एवढंच नम्रपणे लिहा. आईच्या नावावर भावंडांपैकी कोणाची हरकत असेल तर गोष्ट वेगळी आहे. तेव्हा कार्यालयाने थांबणं बरोबरच आहे आणि खालचं काहीही उपयोगी पडणार नाही.

आता तारखा. 2 जूनपासून 15 दिवस म्हणजे 17 जून. फलकावर "कामाचे दिवस" असेल तर शनिवार-रविवार सोडून 23 जून. त्यानंतर पहिलं अपील करायला 30 दिवस, म्हणजे 23 जुलै. ती तारीख उलटली आहे. घाबरू नका. पुरेसं कारण दिलं तर 90 दिवसांपर्यंत अपील दाखल करून घेता येतं, म्हणजे 23 जूनपासून 21 सप्टेंबरपर्यंत. फलकावर नुसते "दिवस" असतील तर 17 जूनपासून मोजा आणि 15 सप्टेंबर धरा. उगाच ताणू नका, या महिन्यातच टाका. तुमचं कारण तयार आहे: वेळोवेळी तोंडी आश्वासनं आणि तोंडी त्रुटी सांगितल्या. म्हणूनच प्रत्येक खेपेची तारीख आणि कोणत्या टेबलवरून काय सांगितलं हे वहीत लिहा. आठवणीतून लिहिलेल्या तारखाही चालतात, फक्त खोट्या नकोत.

अपिलाआधी एकदा प्रत्यक्ष जा. सोमवारी सकाळी किंवा घरपट्टीच्या सवलतीच्या शेवटच्या आठवड्यात नको, तेव्हा खिडकीवर रांग असते आणि कोणाला फाइल शोधायची सवड नसते. मधल्या दिवशी दुपारी जा. "काम कधी होणार?" असं विचारू नका, त्याला "बघतो" हे उत्तर ठरलेलं आहे. विचारा, "फाइल आत्ता कोणाच्या टेबलवर आहे, आणि तिथे किती तारखेला गेली?" घरपट्टीच्या नाव बदलात फाइल साधारण लिपिक, मग कर निरीक्षक, मग कर अधीक्षक आणि वर अशी जाते. "वर गेली" म्हणजे नेमकी कुठे, हे कळल्यावर अर्ध्या वेळा तीच फाइल खालच्या कपाटात सापडते. मिळालेलं उत्तर तिथल्या तिथे वहीत लिहा. हळू आवाजात, नाव-हुद्दा विचारून, धन्यवाद म्हणून निघा. वही बघितली की माणूस नीट बोलतो, असा माझा अनुभव आहे. पण धमकीच्या सुरात वही काढू नका.

मग एक स्मरणपत्र, त्याच आवक क्रमांकाच्या संदर्भाने, पदनिर्देशित अधिकाऱ्याच्या नावे. त्यात सात दिवसांची मुदत स्वतःच लिहा: "सात दिवसांत निर्णय न झाल्यास लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 नुसार प्रथम अपील करावे लागेल, ही नोंद घ्यावी." ही धमकी नाही, पुढचं पाऊल सांगणं आहे. माहिती आयोग, न्यायालय, मंत्री अशी नावं त्यात घालू नका, त्याने पत्राचं वजन कमी होतं.

सात दिवसांत हललं नाही तर पहिलं अपील. अपील एका पानाचं असावं: अर्जाची तारीख आणि आवक क्रमांक, ठरलेली मुदत, मुदत संपल्याची तारीख, स्मरणपत्राची तारीख, उशिराचं कारण, आणि एकच मागणी, "अर्ज ठरावीक दिवसांत निकाली काढण्याचे आदेश द्यावेत". सोबत पोचपावतीची आणि सगळ्या पत्रांची प्रत. लिपिकाच्या वागण्याचं वर्णन नको. अपिलीय अधिकारी त्याच महापालिकेचा वरिष्ठ असतो, तक्रारीच्या सुरातलं अपील त्याला आपल्या माणसावर हल्ला वाटतं आणि तुमचं काम मागे पडतं. त्याने 30 दिवसांत निर्णय द्यायचा असतो. समाधान न झालं तर 30 दिवसांत दुसरं अपील, आणि पहिल्यावर निर्णयच आला नाही तर 45 दिवसांनी थेट दुसरं. तिसरं राज्य सेवा हक्क आयोगाकडे. माझ्या पाहण्यातली बहुतेक कामं पहिल्या अपिलाची नोटीस पोचताच मार्गी लागतात. याचं कारण दंडही आहे: पदनिर्देशित अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. तो पैसा तुम्हाला मिळत नाही, पण फाइल हलते.

माहितीचा अधिकार हा याच्या सोबतीला वापरा, याच्या जागी नाही. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून मूळ अर्जाच्या फाइलवरील टिपणीच्या प्रती आणि फाइल हलण्याच्या नोंदवहीतली तिची नोंद मागा. राज्याच्या नियमांत एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे. "काम का झाले नाही" असा प्रश्न विचारला तर "माहिती उपलब्ध नाही" असं उत्तर येतं, कारण "का" हा कागद नसतो. प्रती मागा, कागद खरं सांगतो. उत्तराला 30 दिवस लागतात. त्या वाटेने थांबलात तर अपिलाची मुदत निघून जाईल, म्हणून अपील आधी.

लोकशाही दिन, दर महिन्याचा पहिला सोमवार, हाही मार्ग आहे. अर्ज 15 दिवस आधी द्यावा लागतो. पण एक सावधगिरी: तिथे तक्रार स्वीकारली म्हणजे अपिलाची मुदत थांबत नाही. दोन्ही सुरू असू द्या.

मी वकील नाही आणि वरच्या मुदती तुमच्या कार्यालयाच्या फलकाशी जुळवूनच वापरा. घरपट्टीवर नाव लागणं म्हणजे मालकी सिद्ध होणं नव्हे, हेही भावंडांना आत्ताच सांगून ठेवा. फ्लॅट सोसायटीच्या नोंदीत आईच्या नावे करण्याचा अर्ज वेगळा असतो, तो या फाइलच्या निकालाची वाट न पाहता लगेच द्या. तिथेही पोच घ्या.

उद्या जाताना 2 जूनच्या अर्जाची पोच मात्र सोबत ठेवा. ती हरवली असेल तर इथे लिहा. आवक नोंदवहीत तारीख आणि नावावरून क्रमांक शोधून घेता येतो, आणि त्याची प्रमाणित प्रत मागायचा मसुदा मी देईन.