नुकसान मोजता येतं, मग मनाई हुकूम कशाला?

प्रश्न: सर, एलएलबीच्या पेपरात हा प्रश्न होता. फवारणी पंप बनवणाऱ्या ‘अ’ने ‘ब’ला पाच वर्षांसाठी विदर्भाची एकमेव वितरणएजन्सी दिली, तिथे दुसरा वितरक नेमणार नाही, असं करारात स्पष्ट आहे. ९० दिवसांच्या नोटिशीने कुणीही करार संपवू शकतो. वर्षाला ४० लाखांचा माल उचलायचा. ‘ब’ने पहिल्या वर्षी ३४ लाखांचा उचलला, ‘अ’ काही बोलला नाही. दुसऱ्या वर्षी खरिपाच्या तोंडावर ‘अ’ने नोटीस न देता ‘क’ला माल द्यायला सुरुवात केली. ‘ब’ने दावा लावून दोन अंतरिम हुकूम मागितले: ‘क’ला माल देऊ नये, आणि आपल्याला पुरवठा चालू ठेवावा. मी लिहिलं, नुकसान पैशात भरून येतं, म्हणून अर्ज नामंजूर. १५ पैकी ४ मार्क. पुनर्मूल्यांकनाला टाकू का?

उत्तर: टाकू नका, पैसे वाया जातील. तुमचं वाक्य चुकीचं नाही, पण ते चुकीच्या जागी आलं आहे, आणि त्याच्या आधीचं सगळं राहून गेलं आहे.

नुकसानभरपाई पुरेशी असेल तर करार प्रत्यक्ष पाळायला लावता येत नाही, हे स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या कलम १४ मध्ये होतं. २०१८ च्या दुरुस्तीने ते काढलं. जुन्या गाइडमधून अभ्यास करणारे इथेच घसरतात. पण तोच मुद्दा अंतरिम अर्जात ‘भरून न येणारी हानी’ या नावाने जिवंत आहे, कारण कलम ३७ प्रमाणे तात्पुरती मनाई दिवाणी प्रक्रिया संहितेवर, म्हणजे ऑर्डर ३९ वर चालते. प्रथमदर्शनी केस, सोयीगैरसोयीचा तोल आणि भरून न येणारी हानी ही तिन्ही लागतात, हे दलपत कुमार निकालात (१९९२) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे.

आता प्रथमदर्शनी केस. ९० दिवसांच्या नोटिशीने संपणारा करार कलम १४(ड) खाली ‘संपुष्टात आणण्याजोगा’ ठरतो. तसा करार अंमलात आणता येत नाही, आणि जो अंमलात येत नाही त्याचा भंग थांबवायला मनाईही नाही, असं ४१(ई) म्हणतं. इथे बरेच विद्यार्थी पेन खाली ठेवतात. पुढचं कलम ४२ मात्र याच अडचणीसाठी आहे: करारात ‘अमुक करणार नाही’ असं वचन असेल, तर होकारार्थी भाग अंमलात आणता येत नसला तरी ते वचन पाळायला लावता येतं. अट एकच, दावेदाराने आपल्या वाट्याचं केलेलं असावं. म्हणूनच पेपरात ३४ लाखांचा आकडा पेरलाय. ‘अ’ म्हणणार, अट ‘ब’नेच मोडली. ‘ब’ म्हणणार, तुम्ही हरकत न घेता पुढच्या वर्षी माल देत राहिलात, म्हणजे ती सोडून दिलीत. परीक्षकाला हा वाद उत्तरात हवा होता.

करार चालू असताना असं निर्बंधाचं कलम सहसा व्यापाराला आडकाठी ठरत नाही, हे गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका कोला (१९९५) मध्ये आहे. इथे नोटीसच दिलेली नाही, म्हणजे करार चालू आहे.

हानीबद्दल प्रामाणिक राहा. बुडालेलं कमिशन वहीतून निघतं, त्यावर हुकूम मिळणार नाही. पण खरिपात दुकानदार ‘क’कडे गेला, तर पुढच्या हंगामात तो फोन ‘क’लाच करतो. हे गेलेलं गिऱ्हाईक कुठल्या खतावणीत दिसत नाही. जोर तिथे द्या. तोल सोपा आहे: ‘अ’चा माल ‘ब’मार्फतही विकला जाणारच.

दोन मागण्या एकाच काट्यावर तोलल्या, ही तुमची दुसरी चूक. पुरवठा चालू ठेवा म्हणणं म्हणजे ‘अ’ला काही करायला लावणं. त्यासाठी केस नुसत्या प्रथमदर्शनी केसपेक्षा भक्कम लागते (दोराब वॉर्डन, १९९०), आणि शिवाय करार संपुष्टात आणण्याजोगा. ही मागणी मी नाकारली असती.

शेवटी, मुदत. अमृतसर गॅस (१९९१) मध्ये ३० दिवसांच्या नोटिशीने संपणाऱ्या वितरकीत न्यायालयाने एजन्सी परत दिली नाही, नोटिशीच्या काळापुरतीच भरपाई दिली. ‘ब’ने निकालापर्यंतची, म्हणजे कदाचित चार-पाच वर्षांची मनाई मागणं त्यामुळे फाजील आहे. मी हुकूम असा लिहिला असता: “दाव्याचा निकाल लागेपर्यंत किंवा करार नोटिशीने कायदेशीर संपेपर्यंत, यांतलं जे आधी होईल तोवर, ‘अ’ने विदर्भात ‘ब’शिवाय कुणालाही माल देऊ नये. दावा फेटाळला गेल्यास ‘अ’चं नुकसान भरून देण्याची हमी ‘ब’ने लिहून द्यावी.” ‘क’च्या गोदामात आधीच पोचलेल्या पंपांना मी हात लावला नसता, न नेमण्याचं वचन ‘अ’ने दिलंय, ‘क’ने नाही.