चकली खरोखर तोट्यात आहे का? भाडे आणि विजेची वाटणी

प्रश्न: डोंबिवलीत ३०० चौरस फुटांच्या भाड्याच्या गाळ्यात मी चकली, नानखटाई आणि गोठवलेले उकडीचे मोदक करून विकते. भाडे १८,००० आणि वीजबिल ९,००० रुपये. हे २७,००० रुपये विक्रीच्या प्रमाणात वाटले, तर सर्वांत जास्त खपणारी चकलीच महिन्याला १,२०० रुपये तोट्यात दिसते. ती बंद करून त्या जागी मोदकांसाठी तिसरा फ्रीझर घ्यावा का? सरासरी महिन्याचा तक्ता, वीजबिल आणि यंत्रांची माहिती सोबत पाठवते आहे.

उत्तर: तूर्त चकली बंद करू नये, असे माझे मत आहे. तुमच्या तक्त्यातील बेरजा-वजाबाक्या बरोबर आहेत. गडबड वाटणीच्या आधारात आहे. विक्रीच्या प्रमाणात खर्च वाटला की जो माल जास्त रुपयांना विकला जातो त्याच्यावर जास्त भार पडतो, मग त्याने जागा किती अडवली आणि वीज किती खाल्ली याचा काही संबंध उरत नाही. उद्या तुम्ही चकलीचा भाव किलोला ३२० वरून ३४० रुपये केला आणि खप तितकाच राहिला, तर तुमच्या पद्धतीने चकलीवरचा भाडे-विजेचा बोजा जवळपास ४०० रुपयांनी वाढेल. प्रत्यक्षात घरमालकाने भाडे वाढवलेले नसेल आणि मीटरही एका युनिटने पुढे गेलेला नसेल.

म्हणून आधी प्रत्येक पदार्थामागे खरोखर वाढणारा किंवा तो बंद केल्यास खरोखर वाचणारा खर्च वेगळा काढू. विक्रीतून तेवढाच खर्च वजा केल्यावर जे उरते ते त्या पदार्थाचे अंशदान, म्हणजे हिशेबनीस ज्याला कॉन्ट्रिब्यूशन म्हणतात ती रक्कम. सामाईक खर्च या रकमांच्या बेरजेतून भागतो. तुमची भाजणी, तेल, गॅस, पाकिटे आणि किलोवर दिली जाणारी मजुरी धरून चकलीचा खर्च किलोला २७२ रुपये येतो. म्हणजे २०० किलोंवर ९,६०० रुपये उरतात. याच रीतीने नानखटाईचे १२,६०० आणि मोदकांचे १८,००० रुपये उरतात. मजुरी खरोखर किलोवर किंवा पाकिटावरच दिली जाते, असे मी गृहीत धरले आहे. एखादी बाई मासिक पगारावर असेल, तर तिचा पगार यातून काढून भाड्याच्या शेजारी ठेवावा.

आता वीज. बिलावरचा सुमारे ६०० रुपयांचा स्थिर आकार यंत्रे बंद ठेवली तरी द्यावा लागतो, म्हणून तो कोणत्याही पदार्थावर टाकू नये. उरलेल्या ८,४०० रुपयांत वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क आहे. ७०० युनिटांनी भागल्यास एक युनिट सर्व मिळून १२ रुपयांना पडते. यंत्रांच्या पाट्यांवरचे वॅट आणि तुम्ही कळवलेले तास यांवरून माझा अंदाज असा, की दोन फ्रीझर मिळून ३९० युनिटे, ओव्हन १८०, चकलीचे यंत्र आणि पाकिटे बंद करण्याचे यंत्र ३०, तर दिवे-पंखे १०० युनिटे घेतात. त्यामुळे विजेपोटी चकलीवर फक्त ३६० रुपये येतात, नानखटाईवर २,१६० आणि मोदकांवर ४,६८०. तुमच्या वाटणीत मात्र विजेचे ३,६०० रुपये चकलीच्या माथी आले होते.

हा अंदाज पडताळून पाहावा, कारण पाटीवरचे वॅट आणि प्रत्यक्ष वापर यांत बराच फरक पडतो. ओव्हन ठरावीक तापमानाला पोहोचला की अधूनमधूनच वीज घेतो. फ्रीझरचा कॉम्प्रेसर उन्हाळ्यात, बर्फाचा थर साचल्यावर किंवा झाकण वारंवार उघडल्यावर जास्त वेळ चालतो. फ्रीझरसाठी सोपा उपाय असा, की सुट्टीच्या आदल्या रात्री गाळा बंद करताना आणि सुट्टीनंतर उघडताना मीटरचे आकडे लिहून ठेवावेत. त्या काळात फ्रीझरशिवाय काहीच चालू नसते, त्यामुळे चोवीस तासांमागे १३ युनिटांच्या आसपास फरक आला तर माझा अंदाज ठीक आहे. ओव्हनसाठी इलेक्ट्रिशियनकडून वेगळा सबमीटर बसवून घ्यावा. चार किलोवॅटच्या ओव्हनला प्लगमध्ये लावायचे छोटे मीटर वापरू नये, ते एवढ्या भारासाठी नसते.

वीज वजा केल्यावर चकलीचे अंशदान ९,२४०, नानखटाईचे १०,४४० आणि मोदकांचे १३,३२० रुपये होते. तिन्हींची बेरीज ३३,००० रुपये. त्यातून भाडे १८,०००, आणि स्थिर आकार व दिवे-पंखे मिळून १,८०० रुपये गेले की १३,२०० रुपये उरतात. तुमच्या तक्त्यातही शेवटी हाच नफा आहे. वाटणी कशीही केली तरी एकूण नफा बदलत नाही. पण चकली बंद केली तर हा नफा १,२०० रुपयांनी वाढणार नाही. तो ९,२४० रुपयांनी घटून ३,९६० रुपयांवर येईल, कारण चकलीच्या नावावर लिहिलेले भाडे गाळ्यातून कुठेही जात नाही, ते उरलेल्या दोघांना सोसावे लागते.

भाडे पदार्थांवर वाटूच नये, असे मात्र मी म्हणणार नाही. जागा अपुरी असते तेव्हा कोणता पदार्थ चौरस फुटामागे किती देतो हे पाहावे लागते. तुमच्या नकाशाप्रमाणे चकलीला ८०, नानखटाईला ७० आणि मोदकांना ६० चौरस फूट लागतात. उरलेली जागा धुणे, साठवण आणि ये-जा यांत जाते. सामाईक १९,८०० रुपये वापरातल्या २१० फुटांवर पसरले तर दर फुटाला ९४ रुपये निघायला हवेत. चकली ११५ रुपये देते. मोदक २२२ रुपये देतात, आणि तिसऱ्या फ्रीझरचा मोह इथूनच होतो.

हा मोह आकड्यांत मोजू. मोदकांच्या एका जादा पाकिटामागे तुम्हाला विक्रीचे १२० वजा खर्चाचे ८४, म्हणजे ३६ रुपये मिळतात. फ्रीझरची वीज पाकिटांच्या संख्येवर फारशी अवलंबून नसते. तो अर्धा भरलेला असो की पूर्ण, महिन्याला साधारण १९५ युनिटे, म्हणजे २,३४० रुपये घेणारच. चकलीचे गेलेले ९,२४० आणि हे २,३४० भरून काढण्यासाठी आजच्या ५०० पाकिटांवर आणखी ३२२ पाकिटे दर महिन्याला विकावी लागतील, तीही केवळ आजच्या नफ्याला टिकून राहण्यासाठी. फ्रीझरचा हप्ता यात धरलेला नाही.

मोदकांची मागणी गणेशोत्सवात आणि अंगारकीला उसळते, त्यामुळे ५०० ही सरासरी फसवी असू शकते. बाराही महिन्यांचे आकडे वेगळे मांडून पाहावेत. भाद्रपदाखेरीजच्या महिन्यांत सध्याचे दोन फ्रीझर ओसंडून वाहत असतील आणि ऑर्डरी परत कराव्या लागत असतील, तरच तिसऱ्याचा विचार करावा. आणि तेव्हाही आधी मीटरचे आकडे पाहून नानखटाईची जागा कमी करता येते का, हे तपासावे. फक्त सणापुरती अडचण असेल, तर त्या आठवड्यांसाठी फ्रीझर भाड्याने घेता येईल.

भाडेकराराच्या नूतनीकरणाच्या वेळी हा प्रश्न पुन्हा उघडावा, कारण भाडे बदलण्याची संधी तेव्हाच असते. चकलीविना २२० फुटांचा गाळा पुरला आणि दर फुटाला आजचेच ६० रुपये राहिले, तर भाड्यात ४,८०० रुपये वाचतील. चकलीचे अंशदान त्याहून कमी झाले, तर ती बंद करण्याला आधार मिळेल. २०० किलोंचा खप साधारण १०४ किलोंपर्यंत घसरला, तर ते ४,८०० च्या आसपास येते.