फंडिंग कोण कोणाला देतं? वायदा आणि पर्पेच्युअलबद्दल तुमचे प्रश्न

"आमचं जिनिंग आहे. रुईचा तीन महिन्यांनंतरचा वायदा आजच्या भावापेक्षा वर का असतो, आणि शेवटी दोन्ही भाव एक कसे होतात?" – चोपडा

भाऊ, तुमच्याच गोदामातला हिशोब घेऊ. समजा आज रुईची खंडी, म्हणजे ३५६ किलो, ५५,००० ला आहे. ती घेऊन तीन महिने ठेवायची तर १२ टक्क्यांनी व्याज झालं १,६५०, गोदामभाडं-विमा धरा ३५०, म्हणजे माल पडला ५७,००० ला. त्यामुळे वायदाही त्याच्याच आसपास राहतो. उद्या तो ५८,५०० वर गेला तर तुम्हीच आज रुई घ्याल, वायदा विकाल, माल ताडपत्रीखाली झाकून ठेवाल आणि मुदतीला डिलिव्हरी देऊन खंडीमागे दीड हजार कमवाल. असं दहा जणांनी केलं की वायदा खाली येतो नि हजर भाव वर सरकतो. मुदतीच्या दिवशी तर माल द्यायचाच असतो, मग दोन भाव राहतीलच कसे? (वायदा नेहमी वरच असतो असं मात्र नाही, नवा कापूस बाजारात यायचा असला की दूरचा वायदा खालीही बसतो.)

"क्रिप्टोच्या पर्पेच्युअलला मुदतच नसते म्हणतात. मग त्याचा भाव खऱ्या बिटकॉइनला धरून कसा राहतो?" – धुळे

मुदत नाही म्हणजे डिलिव्हरीचा दिवसच नाही, म्हणून भावाला ओढून आणायला दुसरी दोरी लागते, ती म्हणजे फंडिंग. मुदत नसलेल्या वायद्याची कल्पना अर्थतज्ज्ञ रॉबर्ट शिलर यांनी १९९३ मध्येच मांडली होती, क्रिप्टोत ती २०१६ ला बिटमेक्सने आणली आणि मग सगळ्यांनीच उचलली. पर्पेच्युअलचा भाव स्पॉटच्या, म्हणजे हजर भावाच्या, वर गेला की लॉन्गवाले, म्हणजे घेऊन बसलेले, शॉर्टवाल्यांना, म्हणजे विकून बसलेल्यांना, पैसे देतात, बराच खाली गेला की उलटं. महाग बाजूला बसून राहणं खर्चाचं झालं की काही जण निघतात, समोरच्या बाजूला फंडिंग घ्यायला नवे येतात, आणि भाव परत जवळ येतो. बऱ्याच एक्सचेंजवर हिशोब साधारण असा असतो:

```
F = P + clamp(0.01% - P, -0.05%, 0.05%)
```

`F` म्हणजे फंडिंगचा रेट, `P` म्हणजे पर्पेच्युअल स्पॉटपेक्षा सरासरी किती टक्के वर आहे ते, आणि `clamp` म्हणजे आतला आकडा उणे ०.०५ ते ०.०५ टक्क्यांच्या बाहेर जाऊ द्यायचा नाही. फरक किरकोळ असला तर `F` ०.०१ टक्क्यावरच थांबतो, पण `P` ०.१५ टक्के झाला की `F` थेट ०.१० टक्के. तो ०.०१ चा आकडा लहान दिसतो, पण आठ तासांना एकदा म्हणजे वर्षाला जवळपास ११ टक्के! तुमच्या रुईवरचं व्याजच समजा, फक्त ते तीन महिन्यांच्या भावात आधीच मिसळलेलं असतं आणि इथे दिवसातून तीनदा वेगळं द्यावं लागतं.

"१० हजारांवर २० पट लॉन्ग घेतलं होतं. तीन दिवसांनी भाव जिथल्या तिथे, तरी फी सोडून १,८०० कमी. एक्सचेंजने कापले का?" – अमळनेर

नाही दादा, ते समोरच्या शॉर्टवाल्यांकडे गेले. फंडिंग तुमच्या १० हजारांवर नाही, पूर्ण २ लाखांच्या पोझिशनवर लागतं, इथेच बहुतेक जण फसतात. रेट ०.१० टक्के असेल तर एका वेळचे २००, दिवसात तीनदा म्हणजे ६००, तीन दिवसांचे झाले १,८००. आणि यात आणखी एक दुखणं आहे, आता मार्जिन ८,२०० च उरलं, म्हणजे आधी ५ टक्के पडझड झेपत होती ती आता ४.१ टक्क्यांवर आली, आणि लिक्विडेशन, म्हणजे एक्सचेंजने पोझिशन जबरदस्तीने बंद करणं, तर त्याच्याही आधी होतं कारण एक्सचेंज शून्यापर्यंत थांबत नाही. स्क्रीनवर `Funding / Countdown` लिहिलेलं असतं तिथे आकडा आणि उरलेला वेळ बघा. आठ तासांचं चक्र असेल तर आपल्याकडे बहुधा पहाटे ५:३०, दुपारी १:३० आणि रात्री ९:३०. त्या क्षणी पोझिशन उघडी असेल तरच द्यावं लागतं, पाच मिनिटं आधी बंद केली तर काहीच नाही. काही ठिकाणी चक्र चार तासांचं किंवा तासाचंही असतं, तेवढं तपासून घ्या.

"मग स्पॉट घ्यायचा, तेवढंच शॉर्ट करायचं आणि फंडिंग खात बसायचं. यात धोका कुठे?" – नंदुरबार

ताई, विचार बरोबर आहे, मोठे खेळाडू हेच करतात आणि त्यांच्यामुळेच भाव जवळ राहतो. समजा २ लाखांचं बिटकॉइन घेतलं आणि २० हजार मार्जिनवर २ लाखांचं शॉर्ट केलं. भाव ९-१० टक्के चढला की शॉर्ट लिक्विडेट. स्पॉटमध्ये तेवढाच फायदा दिसतो खरा, पण तो वेगळ्या खात्यात अडकलेला, मार्जिनला कामाचा नाही. आणि रात्रीतून भाव परत खाली आला तर स्पॉटचा फायदा गेला, शॉर्टचे २० हजार आधीच गेलेले. त्यात घबराटीत फंडिंग उलटं होतं, मग शॉर्टवाल्याने म्हणजे तुम्हीच द्यायचं. करायचंच असेल तर शॉर्ट दोन पटीच्या वर नको, म्हणजे भाव ४०-४५ टक्के चढेपर्यंत मार्जिन भरायला वेळ मिळतो.